नोकरीची वर्षे आणि यादीतला क्रमांक

अनसिंगच्या श्रोत्यांपुढे पगारवाढ, भत्ते आणि संप यांवर आम्ही पूर्वी पुष्कळ बोललो आहोत. यंदा मात्र आम्ही मुद्दाम एक रूक्ष वाटणारा विषय घेतला. सरकारी नोकरीतली पदे कशी लावलेली असतात, गट म्हणजे काय, संवर्ग म्हणजे काय, आणि माणसाची बढती शेवटी कोणत्या कागदावर अडते, हा तो विषय होय. तो घेण्याचे कारण एका गृहस्थाची हकीकत.

हे गृहस्थ एका कार्यालयात लिपिक होते. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. निवृत्तीला दोन वर्षे उरली असता एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, पिशवीतून सेवापुस्तकाची नक्कल काढली आणि म्हणाले, "भाऊ, मी १९९६ साली नोकरीला लागलो. माझ्या पाच वर्षे मागून लागलेला पोरगा आज माझा साहेब झाला. त्याला कागद पुढे करताना माझा हात थरथरतो. यात पैसे खाल्लेले आहेत, तुम्ही मोर्चा काढा." आम्ही मोर्चे काढण्यात आयुष्य घालविले आहे, पण मोर्च्याआधी कागद वाचावा, हे शाळेने नव्हे, तर चळवळीने आम्हांस शिकविले. आम्ही त्यांची ज्येष्ठता यादी मागविली. ती वाचल्यावर जे निघाले, ते आपण शेवटी पाहू. ते समजण्यासाठी आधी तीन शब्द नीट वेगळे केले पाहिजेत.

पहिला शब्द गट. पूर्वी सरकारी पदांचे वर्ग असत, वर्ग १ पासून वर्ग ४ पर्यंत. केंद्र सरकारने १९७४ साली ही नावे बदलून गट अ, ब, क आणि ड अशी केली, आणि आपल्या राज्यातही आता गटच चालतात. जुनी माणसे अजून "क्लास टू ऑफिसर" म्हणतात, ते त्यामुळेच. पद कोणत्या गटात पडते, हे प्रामुख्याने त्या पदाच्या वेतनावरून ठरते. शिपाई आणि चौकीदार गट ड मध्ये, कारकून आणि तलाठी गट क मध्ये, नायब तहसीलदार गट ब मध्ये, आणि तहसीलदार व उपजिल्हाधिकारी गट अ मध्ये येतात. केंद्राने सहाव्या वेतन आयोगानंतर गट ड बंद करून ती पदे गट क मध्ये घेतली. महाराष्ट्रात मात्र गट ड राहिला.

गटावरून काय कळते? नेमणूक कोण करतो, शिक्षा कोण देऊ शकतो, थेट भरती लोकसेवा आयोगाकडून की दुसऱ्या मार्गाने, इतके साधारण कळते. आपल्या राज्यात गट ड चा कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि वरचे गट अठ्ठावन्नाव्या वर्षी, हेही गटावरूनच. पण एक गोष्ट गटावरून मुळीच कळत नाही, ती म्हणजे कोण कोणाच्या पुढे आहे ही. तलाठी गट क मध्ये आहे आणि मंडळ अधिकारीही गट क मध्येच आहे. तरी मंडळ अधिकारी हा तलाठ्याच्या वरचा. म्हणजे गट हा घराचा मजला झाला. एकाच मजल्यावर अनेक खोल्या असतात, आणि रांग लागते ती खोलीत.

त्या खोलीचे नाव संवर्ग. आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली याच शब्दात आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

संवर्ग म्हणजे एकत्र मोजल्या जाणाऱ्या मंजूर पदांचा समूह. या समूहाला एकच ज्येष्ठता यादी असते, आणि वरची जागा रिकामी झाली की त्या यादीतून माणूस उचलतात. आपण पोळ्याचे उदाहरण घेऊ. तोरणाखाली बैलांची रांग लागते, आणि मानाची जोडी कोणती, तिच्यामागे कोणती, हे गावात ठरलेले असते. परंतु ती रांग त्या गावाची. अनसिंगची मानाची जोडी दुसऱ्या गावच्या तोरणाखाली नेली, तर तिला तेथे मान मिळणार नाही. बैल तोच, बळ तेच. गाव बदलले की रांग बदलली. संवर्ग म्हणजे ते गाव होय.

आता हे गाव केवढे, हे पदागणिक बदलते, आणि येथेच लोक फसतात. महसूल खात्याची शिडी आपणा सर्वांच्या ओळखीची आहे. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याची नेमणूक उपविभागीय अधिकारी करतो. मंडळ अधिकारी आणि अव्वल कारकून यांची रांग जिल्ह्याची. नायब तहसीलदाराची रांग महसुली विभागाची, म्हणजे आपल्याकडे अमरावती विभागाची. तहसीलदार आणि उपजिल्हाधिकारी यांची रांग साऱ्या राज्याची. माणूस जसजसा वर चढतो तसतसे त्याचे गाव मोठे होते, आणि प्रत्येक पायरीवर तो नव्या रांगेत नव्याने उभा राहतो. वाशीम जिल्ह्यात पहिला असलेला अव्वल कारकून नायब तहसीलदार झाला की पाच जिल्ह्यांच्या माणसांत त्याचा क्रमांक लागतो. खालच्या पायरीवरचा पहिला क्रमांक त्याला वर नेतो. वर गेल्यावर तो क्रमांक संपला.

छोट्या गावातून मोठ्या गावात माणसे उचलताना रांग कशी लावावी, यावर आपल्या राज्यात मोठा लढा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मध्यप्रदेशातून आणि मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला. जमिनीबरोबर हजारो नोकरही आले. नागपूरचे एक पद मुंबईच्या कोणत्या पदाच्या बरोबरीचे धरावे, हे ठरविल्याशिवाय एक यादी होईना. त्यासाठी चार कसोट्या ठरल्या होत्या : पदाचे काम व स्वरूप, त्याची जबाबदारी व अधिकार, त्याला लागणारी किमान पात्रता, आणि वेतन. वेतनाचा क्रम शेवटचा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मराठवाड्यातून आलेल्या काही तहसीलदारांचे गाऱ्हाणे मात्र पुढचे होते. उपजिल्हाधिकारी हे पद साऱ्या राज्याचे. त्याची बदली कोठेही होणार. पण त्या पदावर बढती देताना तहसीलदारांच्या याद्या विभागवार पाहिल्या जात. म्हणजे ज्या विभागात जागा पुष्कळ रिकाम्या होतील तेथला कनिष्ठ तहसीलदार उपजिल्हाधिकारी होणार, आणि ज्या विभागात जागा निघणार नाहीत तेथला ज्येष्ठ तहसीलदार वाट पाहत बसणार. दोघांत भेद कशाचा? गुणाचा नव्हे, सेवेचाही नव्हे. कोणत्या विभागात कोण निवृत्त झाले, या योगायोगाचा.

हे प्रकरण रामचंद्र शंकर देवधर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला : वरचा संवर्ग राज्याचा असेल, तर खालची निवड विभागवार करणे हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. तहसीलदार जिंकले. पण त्याच निकालात दुसरी एक गोष्ट होती, ती आम्ही प्रत्येक सभेत सांगतो, कारण ती कडू आहे. नव्या नियमांनी आपली बढतीची संधी पूर्वीपेक्षा कमी झाली, असेही त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. बढतीची नुसती संधी ही सेवेची शर्त नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. याचा अर्थ असा की, आपला विचार न्यायाने व्हावा हा आपला हक्क आहे. बढती मिळावीच असा हक्क नाही. नोकर या दोहोंत गल्लत करतो, आणि मग जिंकता येण्यासारखे प्रकरणही चुकीच्या मुद्द्यावर हरतो.

तिसरा शब्द क्रमांक, म्हणजे रांगेतली जागा. ती कोणत्या तारखेवरून धरावी? ऐकायला प्रश्न पोरखेळ वाटतो. नोकरीला लागला ती तारीख, आणखी काय? पण सरकारी माणसाच्या सेवापुस्तकात एक तारीख नसते. लागल्याची एक, बढतीची दुसरी, कायम झाल्याची तिसरी. आणि एकाच संवर्गात माणसे दोन दारांनी येतात : काही परीक्षा देऊन थेट वरच्या पदावर, काही खालून बढतीने.

या दोन दारांचे भांडण आपल्या राज्याच्या अभियंत्यांत झाले. उपअभियंता हे वर्ग २ चे पद. काही पदवीधर तरुण थेट त्या पदावर येत. काही ओव्हरसियर म्हणून वर्षानुवर्षे काम केलेले लोक बढतीने येत. १९६० च्या नियमांत थेट आलेल्याची ज्येष्ठता त्याच्या नेमणुकीपासून धरीत, आणि बढतीने आलेल्याची तो त्या पदावर कायम झाल्यापासून. आता कायम करणे हे कोणाच्या हाती? सरकारच्या. कायम जागा रिकाम्या असूनही बढतीने आलेल्यांना वर्षानुवर्षे कायम केले जात नसे.

एक काल्पनिक जोडी घेऊन हिशेब मांडू. समजा, अण्णा १० जून १९६२ रोजी रीतसर निवड होऊन उपअभियंता झाले आणि तेव्हापासून अखंड तेच काम करीत आहेत. बापू ३ मार्च १९६६ रोजी थेट त्याच पदावर आले. अण्णांना १९७१ साली कायम केले. जुन्या नियमाने अण्णांचे वर्ष १९७१ आणि बापूंचे १९६६. तेव्हा चार वर्षे आधीपासून तेच काम करणारे अण्णा पाच वर्षांनी मागे पडले. कार्यकारी अभियंत्याची जागा निघाली की आधी बापूंचा विचार. अण्णांनी काम वाईट केले होते काय? नाही. त्यांची फाईल उशिरा उठली, एवढेच.

एस. बी. पटवर्धन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. निकाल न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिला. कायम होणे हे माणसाच्या कर्तबगारीवरही अवलंबून नसते आणि रिकाम्या जागांवरही नसते. अशा अनिश्चित गोष्टीवर ज्येष्ठता टांगता येत नाही, असा त्याचा सारांश. तरी वाद मिटला नाही. थेट भरतीच्या अभियंत्यांची संघटना पुन्हा न्यायालयात गेली, आणि २ मे १९९० रोजी पाच न्यायमूर्तींनी जो निकाल दिला, तो आज देशभर दाखला म्हणून घेतात. नियमाप्रमाणे नेमणूक झाली असेल, तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून, कायम झाल्याच्या नव्हे. म्हणजे आमच्या हिशेबात अण्णा पुढे, बापू मागे.

पण त्याच निकालाची दुसरी बाजूही पाहावी. समजा, तात्या १९६० पासूनच उपअभियंत्याच्या खुर्चीवर बसले होते. परंतु निवड न होता, "तात्पुरती सोय म्हणून" अशा हुकुमावर. त्यांची रीतसर निवड झाली १९६८ साली. खुर्चीवर पहिले बसले तात्या. तरी अशी केवळ वेळ निभावण्यापुरती केलेली नेमणूक ज्येष्ठतेत मोजत नाहीत, तेव्हा त्यांचे वर्ष १९६८ आणि क्रमांक तिसरा. मात्र नेमणुकीच्या पद्धतीत उणीव असूनही माणूस रीतसर होईपर्यंत त्याच पदावर अखंड राहिला, तर मधला काळ मोजता येतो, असेही त्या निकालात आहे. म्हणून सगळे हुकुमाच्या शब्दांवर येते. "निवड समितीच्या शिफारशीनुसार" हे शब्द आहेत की "पुढील आदेशापर्यंत, ज्येष्ठतेचा हक्क न देता" हे शब्द आहेत? पेढे वाटण्याआधी हुकुमाची ही ओळ वाचावी.

आपल्या राज्याने १९८२ साली ज्येष्ठतेचे नियम केले आणि २०२१ साली त्यांची नवी आवृत्ती काढली. त्यांचा पाया हाच : त्या संवर्गातली अखंड सेवा. आरक्षण आणि बढती हा प्रश्न याच्या शेजारचा आहे, पण तो न्यायालयांत दीर्घकाळ चाललेला स्वतंत्र विषय आहे. त्याला येथे दोन वाक्यांत उरकणे त्याच्यावर अन्याय होईल.

आता आपल्या लिपिक गृहस्थांकडे वळू. सेवापुस्तकावर पहिली तारीख १९९६ची होती, यात शंका नाही. पण ती दुसऱ्या जिल्ह्यातली. म्हातारे आईबाप इकडे, शेत इकडे. म्हणून २००४ साली त्यांनी अर्ज करून या जिल्ह्यात बदली मागून घेतली. लिपिकाचा त्यांचा संवर्ग जिल्ह्याचा. जिल्हा बदलला म्हणजे संवर्ग बदलला. आणि स्वतःच्या विनंतीने संवर्ग बदलणाऱ्याला नव्या यादीत सर्वांच्या शेवटी जागा मिळते. त्यांचा साहेब झालेला तरुण २००१ साली याच जिल्ह्यात लागला होता. नोकरी पाच वर्षांनी धाकटी. पण या तोरणाखाली तो तीन वर्षे आधी आला होता. गृहस्थांच्या २००४ च्या अर्जाची नक्कल मिळाली. तीत शेवटी छापील ओळ होती : नव्या जिल्ह्यात कनिष्ठतम ज्येष्ठता मला मान्य आहे. खाली त्यांची सही.

ते बराच वेळ त्या सहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाबांना तेव्हा अर्धांग झाले होते. मी काही वाचले नाही." आम्हांला यावर बोलता आले नाही. वाचले असते तरी त्यांनी सही केलीच असती, असे आम्हांला वाटते. पण त्यांनी ती जाणून केली असती, आणि त्यानंतरची वर्षे एका निरपराध सहकाऱ्याला मनात चोर ठरवीत घालविली नसती.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगता आली. १९९६ ते २००४ ही वर्षे वाया गेली नव्हती. निवृत्तिवेतनासाठी ती मोजली जातात, रजेसाठी मोजली जातात, वेतनासाठीही मोजली जातात. केवळ रांगेसाठी नाहीत. जिल्हा बदलून आपल्या गावी आलेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचेही हेच आहे. नोकरीची वर्षे आणि ज्येष्ठता या दोन निराळ्या वह्या आहेत. तसेच पगार आणि पद यांच्याही वह्या निराळ्या. दहा, वीस आणि तीस वर्षांनी वरचे वेतन देणारी आश्वासित प्रगती योजना राज्यात आहे. तिने खिशात वरच्या पदाचा पगार येतो. खुर्ची तीच राहते आणि यादीतला क्रमांकही तोच राहतो. कोणी "मला ऑफिसरचा पगार आहे" म्हणाला, तर तो ऑफिसर झाला असे समजू नये.

येथे कोणी विचारील, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा इकडे आलेले सारेच शेवटी गेले काय? नाही. गाव वाटले गेले, तेव्हा रांगही वाटली गेली. आपल्या विनंतीने जाणे आणि सरकारने पाठविणे यांत फरक आहे. सरकार पाठविते तेव्हा मागची ज्येष्ठता माणसाबरोबर जावी, हे तत्त्व आहे. १९५६ सालीही तेच होते. म्हणून बदलीच्या हुकुमात "विनंतीवरून" आणि "प्रशासकीय कारणास्तव" यांपैकी कोणता शब्द आहे, त्यावर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात.

शेवटी, चूक ओळखावी कशी आणि केव्हा? ज्येष्ठता यादी १ जानेवारीच्या स्थितीवर काढतात. आधी तात्पुरती, मग हरकती घेऊन अंतिम. तात्पुरती यादी फिरते तेव्हा लोक आपले नाव आहे ना, एवढे पाहून सही करतात. नावापुढचे रकाने वाचावेत : या संवर्गात आल्याची तारीख कोणती लिहिली आहे, भरती थेट की बढतीने, खात्याची परीक्षा केव्हा उत्तीर्ण झाली असे दाखविले आहे. मग आपल्या वरची दोन आणि खालची दोन नावे घेऊन त्याच तारखा ताडून पाहाव्यात. चूक असेल तर ती या पाच ओळींतच बहुधा सापडते. हरकत लेखी द्यावी, मुदतीत द्यावी आणि पोच घ्यावी. तिने काम झाले नाही, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. आपल्याला त्याचे नागपूरचे पीठ. तेथे अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षाच्या आत जावे लागते. उशीर झाला की खरे गाऱ्हाणेही ऐकून घेत नाहीत, कारण तोवर त्या यादीवरून इतरांच्या बढत्या झालेल्या असतात, आणि एकाला न्याय देताना दहा जणांची रांग मोडावी लागते.

आमचे गृहस्थ त्या दिवशी मोर्चा न मागता परत गेले. निवृत्तीच्या समारंभात शाल त्याच तरुण साहेबाने घातली. आम्ही हजर होतो. हात थरथरला की नाही, ते दुरून दिसले नाही. पण शाल घेतल्यावर त्यांनी त्या पोराच्या पाठीवर थाप मारली, एवढे आम्ही पाहिले.